चौक सुधारताना नवे धोके कुठून येतात? एका रस्ता सुरक्षा ऑडिटची उकल

चौक सुधारायचा म्हटलं की आराखड्यात ठरलेल्या गोष्टी येतात: सिग्नल, उजव्या वळणासाठी वेगळी लेन, डावीकडे न थांबता वळता येईल अशी फ्री लेफ्ट, नवे पट्टे, नवा दुभाजक. कागदावर सगळं नीटनेटकं दिसतं. रस्ता सुरक्षा ऑडिट करणारी माणसं हाच कागद हातात घेऊन वेगळा प्रश्न विचारतात: इथे कोण कोणाला, कशामुळे आणि किती वेगाने धडकेल?

ऑडिट म्हणजे आराखडा नियमात बसतो की नाही याची तपासणी, असा एक समज आहे. ती तपासणी आराखडा काढणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते. प्रत्येक माप नियमात बसूनही ती मापं एकत्र आली की चौक धोकादायक होऊ शकतो, आणि ऑडिट नेमकं तेच शोधतं. म्हणून ऑडिट करणारी मंडळी आराखड्याच्या चमूपैकी नसावीत, किमान दोघं असावीत आणि त्यांनी जागा दिवसा आणि रात्री अशी दोन्ही वेळा पाहावी, अशी पद्धत आहे.

समजण्यासाठी एक नमुन्याचा चौक घेऊ. वाहनं डावीकडून चालतात असं धरू. एक सरळसोट मुख्य रस्ता, दोन्ही दिशांना दोन-दोन लेन, मध्ये ४ मीटर रुंद दुभाजक. त्याला एक लहान रस्ता आडवा छेदतो. आज सिग्नल नाही. वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर. पण मोकळ्या वेळेत वेग मोजला तर १०० पैकी ८५ वाहनं ६२ किंवा त्याहून कमी वेगाने जातात आणि उरलेली १५ त्याहून जोरात. रस्त्याच्या कामात हाच ‘८५ टक्क्यांचा वेग’ खरा मानतात, कारण फलकावरचा आकडा आणि चालकाचा पाय यांचं अनेकदा जमत नाही. पुढची बहुतेक गणितं ६२ धरूनच करायला हवीत. आराखड्यातली गणितं मात्र ५० धरून केलेली होती. ऑडिटमधला पहिला खुणेचा शेरा इथेच पडला.

धोक्यांचा क्रम कसा लावतात

प्रत्येक धोक्याला दोन आकडे देतात. असा अपघात किती वेळा घडू शकेल याला १ ते ५, आणि घडला तर इजा किती गंभीर होईल याला १ ते ५. दोन्हींचा गुणाकार केला की क्रम मिळतो.

पण या गुणाकारावर फार भार टाकू नये. हे आकडे मोजून आलेले नसतात, जागा पाहून, जुन्या अपघातांच्या नोंदी वाचून आणि वेग, अंतर, रहदारी यांचा हिशेब करून केलेला तो अंदाज असतो. १६ गुणांचा धोका ८ गुणांच्या दुप्पट असतो असं नाही, आणि १६ व १५ यांच्यात तर फरकच नाही म्हटलं तरी चालेल. गुणाकाराचा खरा फायदा एवढाच की ‘रोज डोळ्यांना खुपतं’ आणि ‘माणूस मारू शकतं’ या दोन गोष्टी वेगळ्या होतात. आपल्या चौकाबद्दल सर्वांत जास्त तक्रारी झेब्रा पट्टे पुसट झाल्याच्या होत्या. यादीत ते शेवटून पहिले आले. सगळ्यात वर आलेल्या धोक्याबद्दल एकही तक्रार नव्हती. असणार तरी कशी? तो अजून बांधलाच नव्हता.

पहिला धोका: समोरची रांग दृष्टी अडवते

उजव्या वळणासाठी ३ मीटरची वेगळी लेन काढायची होती. जागा कुठून आणली? दुभाजकातून. ४ मीटरपैकी ३ मीटर लेनला गेले आणि चौकाच्या तोंडाशी दुभाजक १ मीटरचा उरला. समोरच्या बाजूलाही हेच केलं.

आता त्या लेनमध्ये उभ्या असलेल्या चालकाच्या जागी स्वतःला बसवा. हिरवा दिवा सरळ जाणाऱ्यांना आणि उजवीकडे वळणाऱ्यांना एकदमच मिळतो. समोरून सरळ येणारी वाहनं चुकवून, मोकळीक दिसली की वळायचं, अशी योजना आहे. पण दोन्ही बाजूंच्या लेन दुभाजकात आतपर्यंत शिरल्यामुळे समोरचा वळणारा ट्रक बरोबर तुमच्या तोंडासमोर उभा राहतो. त्याच्या पलीकडच्या दोन लेनमधून काय येतंय ते दिसत नाही. आराखड्यावर पट्टी ठेवून दृष्टिरेषा काढली तेव्हा समोरच्या रांगेत एखादं मोठं वाहन असेल तर वळणाऱ्याला साधारण ४० मीटरपर्यंतच दिसतं, असं निघालं.

दोन लेन ओलांडून वळायला साधारण ६ सेकंदांची मोकळीक लागते. ताशी ६२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १७ मीटरपेक्षा थोडं जास्त. म्हणजे वळणाऱ्याला १०० मीटरच्या वर दिसायला हवं, तर दिसतात ४०, म्हणजेच जेमतेम सव्वादोन सेकंद. अशा वेळी माणूस हळूहळू पुढे सरकत डोकावतो. मागचा हॉर्न वाजवतो. मग तो अंदाजाने गाडी घालतो. समोरून येणारी दुचाकी असेल तर ती ट्रकच्या आडून अगदी शेवटच्या क्षणी दिसते आणि धडक बसते ती बाजूने. बाजूने धडक बसली की आत बसलेल्याच्या आणि धडकणाऱ्या वाहनाच्या मध्ये फक्त दाराची जाडी असते, बोनेटसारखी चुरगळून आघात शोषणारी जागा नसते. वारंवारता ४, गांभीर्य ४. गुण १६.

शिफारस: उजव्या वळणाला वेगळा टप्पा द्यावा. हिरवा बाण असतानाच वळायचं, बाकीच्या वेळी लाल बाण, आणि बाण हिरवा असताना समोरची सरळ रहदारी पूर्ण थांबलेली. मोकळीक शोधून वळायची सोय अजिबात ठेवू नये.

या शिफारशीची किंमत लपवणं बरोबर नाही. एक टप्पा वाढला की सिग्नलचं एक पूर्ण चक्र लांबतं, सगळ्यांनाच जास्त थांबावं लागतं आणि त्यातही पादचाऱ्यांना. थांबणं फार लांबलं की लोक लाल असतानाच रस्त्यात उतरतात. म्हणजे पहिला धोका मिटवताना दुसरा वाढू शकतो, म्हणून ही शिफारस पुढच्या शिफारशीला जोडूनच वाचायला हवी.

दुसरा धोका: एक मीटरचा दुभाजक

तेच ३ मीटर इथेही नडतात. मुख्य रस्ता पायी ओलांडायचा तर वाटेत काय काय आहे ते बघा: येणाऱ्या दोन लेन ७ मीटर, वळणाची लेन ३ मीटर, दुभाजक १ मीटर, जाणाऱ्या दोन लेन ७ मीटर. एकूण १८ मीटर. आराखड्यात पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला आहे. त्या हिशेबाने १५ सेकंद लागतात आणि सिग्नलही तसाच बसवला आहे. धडधाकट माणसाला हा वेळ पुरतो. काठी टेकत चालणारी व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटर चालली तर तिला साडेबावीस सेकंद हवेत. दिवा बदलतो तेव्हा ती दुभाजकाच्या आसपास असते.

एक मीटरच्या दुभाजकावर एकटा माणूस अंग चोरून उभा राहू शकतो. बाळाची गाडी, चाकाची खुर्ची किंवा सायकल हातात धरलेला माणूस मात्र राहू शकत नाही. पुढचं किंवा मागचं चाक लेनमध्ये येतंच. बाळाची गाडी ढकलत नेताना लेनमध्ये आधी शिरतं ते बाळ. शिवाय याच अरुंद जागेत सिग्नलचा खांब आणि त्याची पेटी बसवायची होती. म्हणजे थांबायला उरलेली जागा मीटरभरही नाही. शेजारून वाहनं ६२ च्या वेगाने जातात आणि त्या वेगात पादचाऱ्याला बसलेली धडक अनेकदा जीवघेणी ठरते. वारंवारता ३, गांभीर्य ५. गुण १५.

शिफारस: थांबण्याची जागा किमान २ मीटर रुंद करावी. रस्ता न रुंदावता हे जमतं. सरळ जाणाऱ्या चारही लेन ३.५ मीटरच्या आहेत, त्या ३.२ च्या केल्या तर प्रत्येकी ३० सेंटिमीटर म्हणजे एकूण १.२ मीटर मिळतात. दुभाजक २.२ मीटरचा होतो. मोठी वाहनं ३.२ मीटरमधून व्यवस्थित जातात, आणि लेन जरा आवळली की मोकळ्या वेळेतला वेगही थोडा उतरतो. खांब आणि पेटी क्रॉसिंगच्या पट्ट्यातून बाजूला घ्यावी. मग रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो: एका बाजूला ९.४ मीटर, दुसऱ्या बाजूला ६.४ मीटर. सावकाश चालणाऱ्यालाही अनुक्रमे १२ आणि ८ सेकंद पुरतात. दोन छोटे टप्पे सिग्नलच्या चक्रात बसवणं एका मोठ्या टप्प्यापेक्षा सोपं असतं, त्यामुळे पहिल्या शिफारशीने लांबलेला थांबा काही अंशी भरून निघतो.

इथे कोणी विचारेल, उजव्या वळणाची लेनच काढून टाका ना, सगळा घोळ मिटला! मिटणार नाही. लेन नसेल तर वळणारं वाहन सरळ जाणाऱ्या लेनमध्येच थांबतं आणि मागून ६२ च्या वेगाने येणारा त्यावर आदळतो. गोल चौक करा, हाही एक रास्त प्रश्न आहे. गोलात वेगच कमी असतो, त्यामुळे बाजूच्या जोरदार धडका जवळपास संपतात. पण तो पर्याय आराखडा पहिल्या टप्प्यात असताना सुचवायचा असतो. जागा ताब्यात आली, गटारांची कामं ठरली, की ऑडिटचं काम आहे त्या आराखड्यातला धोका कमी करण्याचं उरतं. ऑडिट उशिरा केलं की असे मोठे पर्याय हातचे जातात.

तिसरा धोका: फ्री लेफ्टचा ऐसपैस वळसा

डावीकडे वळणाऱ्यांना सिग्नलला थांबावं लागू नये म्हणून कोपरा कापून वेगळी वाट दिली आहे, आणि त्या वाटेवर झेब्रा पट्टे आखले आहेत. वळणाची त्रिज्या ३० मीटर. वळणावर गाडी किती जोरात जाऊ शकते हे त्रिज्येवर ठरतं. बाजूला फेकलं जाण्याचा जेवढा जोर चालक सहज सोसतात तो धरून हिशेब केला, तर ३० मीटरच्या वळणावर ताशी ३६-३७ किलोमीटर आरामात जमतात. त्रिज्या १२ मीटर केली तर तोच चालक २३ च्या आसपास उतरतो. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे ३७ आणि २३ यांतला फरक जवळजवळ अडीच पटींचा आहे.

वेगाइतकीच नजरेचीही अडचण आहे. फ्री लेफ्टमधून बाहेर पडणाऱ्याला उजवीकडून येणाऱ्या वाहनांत मिसळायचं असतं, म्हणून त्याची मान उजवीकडे वळलेली असते. आराखड्यात झेब्रा बरोबर या वाटेच्या तोंडाशी होता. तिथे पोचेपर्यंत चालकाचं सगळं लक्ष उजवीकडे लागलेलं असतं आणि फुटपाथवरचा पादचारी पट्ट्यावर उतरतो डावीकडून. अशा जागी तासभर उभं राहून चालकांची तोंडं पाहिली की हे पटतं. पट्ट्याच्या जवळ येताना बरेच जण डावीकडे बघतच नाहीत. वारंवारता ३, गांभीर्य ४. गुण १२.

शिफारस: फ्री लेफ्ट काढून डावं वळण सिग्नलवर आणावं. ते शक्य नसेल तर त्रिज्या आवळावी, वाट मुख्य रस्त्याला तिरपी न मिळता जवळपास काटकोनात मिळेल अशी करावी, आणि झेब्रा तोंडापासून एक गाडी मावेल इतका मागे घेऊन फुटपाथच्या उंचीला उचलावा. मग चालक आधी पादचाऱ्याला बघतो, पट्टा ओलांडतो, आणि एका गाडीच्या जागेत थांबून उजवीकडे पाहतो. दोन कामं एकाच वेळी करावी लागत नाहीत. लांब ट्रकची मागची चाकं आवळलेल्या वळणात आत येतात, त्यासाठी आतल्या कडेला खडबडीत, किंचित उंच पट्टा ठेवतात. ट्रकला त्यावरून जाता येतं, मोटारचालक तो टाळतो.

मग उरलेले

चौथा धोका मागून धडकण्याचा. नवा सिग्नल बसला की काटकोनातल्या धडका कमी होतात आणि मागून बसणाऱ्या वाढतात, हे सिग्नलच्या बाबतीत नेहमीचं आहे. वारंवारता ५, गांभीर्य २, गुण १०. इथे आराखड्यात पिवळा दिवा ३ सेकंदांचा होता. सूत्र असं आहे: एक सेकंद भानावर यायला, आणि वेग भागिले मंदावण्याच्या दराची दुप्पट. मंदावणं सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद धरलं तर ५० च्या वेगाला ३.३ सेकंद येतात आणि ६२ ला ३.९. म्हणजे ३ सेकंद ५० ला सुद्धा अपुरे. पिवळा कमी असला की पुढचा करकचून थांबतो आणि मागच्याला वाटतं हा निघून जाईल. पिवळा ४ सेकंद करावा. सगळीकडे लाल असण्याचा वेळ १ सेकंद ठेवला होता, तोही वाढवायला हवा. थांबरेषेपासून पलीकडच्या टोकापर्यंत ३० मीटर, अधिक गाडीची लांबी ५ मीटर. हे ३५ मीटर ताशी ५० च्या वेगाने पार करायला अडीच सेकंद लागतात. इथे मात्र मुद्दाम कमी वेग धरायचा, कारण चौकात अडकतो तो हळू जाणारा.

बस थांबा क्रॉसिंगच्या अगदी अलीकडे होता. उभ्या बसच्या पुढून माणूस निघाला की शेजारच्या लेनमधल्या चालकाला तो दिसत नाही. गुण ८. थांबा चौकाच्या पलीकडे न्यावा. बस पुढे उभी राहते आणि उतरलेले लोक तिच्या मागच्या बाजूला असलेल्या क्रॉसिंगवर येतात. शिफारस एका ओळीची, पण अंमलात आणायला सर्वांत कटकटीची, कारण थांबा दुसऱ्याच खात्याचा असतो.

एक धोका मात्र पाऊस पडून गेल्यावर जागा पाहिली म्हणूनच सापडला. चाकाच्या खुर्चीसाठी फुटपाथची कड जिथे रस्त्याच्या पातळीला उतरवली होती तोच कोपऱ्यातला सर्वांत खोल बिंदू होता आणि गटाराची जाळी तिथून तीन मीटर वर. उताराच्या पायथ्याशी घोटाभर पाणी साचलं होतं. लोक पाणी चुकवण्यासाठी क्रॉसिंग सोडून वाहनांच्या बाजूने वळसा घालत होते. नव्या आराखड्यातही पातळ्या त्याच होत्या. गुण ६. खोल बिंदू क्रॉसिंगपासून बाजूला न्यावा आणि जाळी तिथेच बसवावी, म्हणजे उताराच्या पायथ्याशी पाणी साचणार नाही.

पुसट पट्टे, गुण ४. नवीन कामात रंगवले जाणारच आहेत. रात्री चमकणारा रंग वापरावा, एवढंच.

शिफारस लिहिली की पुढे काय

‘पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार व्हावा’ असं वाक्य ऑडिटमध्ये आलं की समजावं, लिहिणाऱ्याने काम उरकलंय. त्यावर आराखडाकार ‘विचार केला’ असं उत्तर देऊन मोकळा होतो. जागा, धडकेचा प्रकार, कारण आणि बदल, या चारही गोष्टी लिहिल्या की उत्तरही नेमकं द्यावं लागतं: मान्य, पर्याय देतो, किंवा अमान्य आणि त्याचं कारण. हे उत्तर लेखी असतं आणि निर्णय रस्त्याच्या मालक संस्थेचा असतो. ऑडिट करणाऱ्याला नकाराधिकार नाही.

आपल्या चौकात उजव्या वळणाचा वेगळा टप्पा आणि रुंद दुभाजक मान्य झाला असं धरू. फ्री लेफ्ट काढायला नकार आला, कारण सिग्नलवर आणलं तर डावीकडे वळणाऱ्यांची रांग मागच्या चौकापर्यंत जाते. मग आवळलेली वाट, मागे घेतलेला उंच झेब्रा आणि ट्रकसाठी खडबडीत पट्टा असा पर्याय स्वीकारला गेला.

बदल धरून यादी पुन्हा लावली की चित्र पालटतं. उजव्या वळणाची वारंवारता ४ वरून २ वर येते, गुण ८. शून्य होत नाही, कारण लाल बाण मोडणारे असतातच. रुंद दुभाजकावरचा धोका १० वर येतो, फ्री लेफ्टचा ६ वर. मागून धडकण्याची वारंवारता लांबवलेल्या पिवळ्यामुळे ५ वरून ४ झाली तरी गुण ८ राहतात. म्हणजे सुधारणेनंतर यादीत सर्वांत वर पादचारी येतो, ६२ च्या वेगामुळे. गांभीर्याचा तो ५ कोणत्याही दुभाजकाने कमी होत नाही, तो वेग उतरला तरच उतरतो. त्यामुळे चौक खुला झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मोजायची गोष्ट म्हणजे लेन आवळल्यानंतरचा ८५ टक्क्यांचा वेग. तो ५० च्या जवळ आला नसेल तर पुढची शिफारस चौकात नाही, त्याच्या अलीकडच्या दोनशे मीटरमध्ये शोधावी लागेल.